व्हिसा अडला, प्रवेश टिकवायचा : एका पत्राविषयी

(पालक व विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी तुमच्यापुढे फक्त एका पत्राविषयी बोलणार आहे. परदेशातील विद्यापीठाने प्रवेश दिलेला आहे, पैशाची तजवीज झाली आहे, पण व्हिसाचा निर्णय लागत नाही आणि तिकडे वर्ग सुरू व्हायची वेळ आली आहे. अशा वेळी प्रवेश कार्यालयाला जे पत्र लिहावे लागते, ते हे पत्र. जागा रद्द करू नका, पुढच्या सत्रापर्यंत राखून ठेवा, एवढीच त्यातील विनंती. पत्र एका पानाचे असते. पण ते केव्हा पाठवले आणि त्यात काय लिहिले, यावर घरातील बऱ्याच पैशांचे आणि मुलाच्या एका वर्षाचे भवितव्य अवलंबून असते.

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकडील बरीच मुले अमेरिकेला अर्ज करतात, म्हणून मी अमेरिकेचेच उदाहरण घेतो. सन 2025 चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी 27 मे रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जगभरातील आपल्या वकिलातींना विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणे थांबवण्याचा हुकूम दिला. 18 जून रोजी ही बंदी उठवल्याचे जाहीर झाले, परंतु अर्जदाराची समाजमाध्यमांवरील खाती तपासण्याची नवी अट जोडली गेली. मे आणि जून हेच आपल्या मुलांच्या मुलाखतींचे महिने. तीन आठवडे दार बंद राहिले आणि उघडले तेव्हा रांग दुप्पट झालेली. वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीची तारीख मिळवण्यासाठी रात्र-रात्र संगणकापुढे बसलेली मुले आपण पाहिली. अनेकांना ऑगस्ट उजाडला, आणि ऑगस्टच्या अखेरीस तर तिकडे वर्ग सुरू होतात.

आता एक उदाहरण आपण समजुतीसाठी बांधून पाहू. कुर्ल्याचा एक मुलगा, विद्युत अभियांत्रिकीचा पदवीधर. एप्रिलमध्ये त्याला एम.एस.साठी प्रवेश मिळाला. मेच्या मध्याला विद्यापीठाचे आय-ट्वेंटी हे पत्रक आले. याच कागदावर तुमचा व्हिसा मागायचा असतो. त्यावर अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख असते, खर्चाचा तपशील असतो आणि वरच्या बाजूला एन या अक्षराने सुरू होणारा एक क्रमांक असतो. हा सेविस क्रमांक. अमेरिकन सरकारच्या दप्तरी विद्यार्थ्याची ओळख म्हणजे हा क्रमांक. मुलाने 350 डॉलर सेविसचे आणि 185 डॉलर व्हिसा अर्जाचे भरले. ही दोन्ही रक्कम परत मिळत नाही. तारीख शोधायला बसला तो बंदी आली. शेवटी सोमवार, 4 ऑगस्टची मुलाखत मिळाली. वर्ग सोमवार, 25 ऑगस्टला सुरू होणार होते.

मुलाखत चांगली झाली, पण अधिकाऱ्याने पासपोर्ट ठेवून घेतला आणि हातात एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर कायद्याचे कलम होते, 221(g). याचा अर्थ असा की निर्णय आज देता येत नाही, आणखी तपासणी किंवा आणखी कागद हवेत. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या काही विषयांत ही तपासणी जास्त होते. नावातील साधर्म्य हेही एक कारण असते, आणि ते आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ शकते, कारण शेख, खान, अन्सारी, मोहम्मद ही नावे हजारोंची आहेत. त्यात मुलाच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरे आणि आय-ट्वेंटीवर ‘मोहम्मद’चा नुसता ‘मोहद’ असेल, तर तपासणाऱ्याचे काम आणखी वाढते. काहींच्या पासपोर्टवर एकच नाव असते, आडनाव नसते. अशांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी FNU ही तीन अक्षरे छापली जातात, म्हणजे पहिले नाव अज्ञात. ती पाहून घाबरायचे कारण नाही, पण विद्यापीठाच्या नोंदीत आणि पासपोर्टात नाव एकसारखे आहे ना, हे पालकांनी बारावीपासूनच पाहावे.

घरी येऊन मुलाने वकिलातीच्या संकेतस्थळावर आपली स्थिती पाहिली. पडद्यावर शब्द होता Refused. घरात रडारड झाली. इथेच नीट समजून घ्या. कलम 221(g) खाली थांबवलेल्या अर्जापुढे संकेतस्थळ हाच शब्द दाखवते. तो शब्द तांत्रिक आहे, प्रकरण त्याने बंद होत नाही. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेला खुलासा वाचा आणि हातातली चिठ्ठी वाचा. कागद मागितले असतील तर ते देण्यासाठी एक वर्षाची मुदत असते आणि त्या मुदतीत पुन्हा फी पडत नाही. खरा नकार वेगळ्या कलमाखाली, बहुतेक वेळा 214(b) खाली, येतो आणि त्याची चिठ्ठीही वेगळी असते. हा भेद मी इतका लांबण लावून सांगतो, कारण त्या पडद्यावरील शब्दाने गोंधळून काही मुले विद्यापीठाला ‘माझा व्हिसा नाकारला गेला’ असे लिहून मोकळी होतात. मग कार्यालयाला हे प्रकरण संपलेले वाटते. तुमचे प्रकरण प्रलंबित असेल तर ‘प्रलंबित’ हाच शब्द लिहा आणि सोबत चिठ्ठीची प्रत जोडा.

आता पत्र कोणाला लिहायचे? शीर्षक ‘प्रवेश कार्यालय’ असले, तरी विद्यापीठात दोन वेगळी दारे आहेत. प्रवेश पुढे ढकलायची परवानगी प्रवेश कार्यालय किंवा तुमचा विभाग देतो. पण आय-ट्वेंटीवरील तारीख बदलणे हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचे काम आहे. तिथे नेमलेला अधिकारी सरकारच्या सेविस दप्तरात नोंद फिरवतो. पहिल्या दारातून होकार आला आणि दुसऱ्या दाराला कोणी कळवलेच नाही, तर काय होते? ठरलेल्या मुदतीत विद्यार्थी हजर झाला नाही म्हणून ती जुनी नोंद रद्द होते. क्रमांक गेला की नवे आय-ट्वेंटी नव्या क्रमांकाचे येते, भरलेली सेविस फी नव्या क्रमांकाला जोडून घेण्याचा वेगळा पत्रव्यवहार करावा लागतो, आणि वकिलातीत पडलेल्या तुमच्या अर्जावर मात्र जुनाच क्रमांक असतो. याउलट, मुदतीच्या आत तारीख पुढे सरकवली तर क्रमांक तोच राहतो, फी तीच चालते आणि वकिलातीतील प्रकरण जिवंत राहते. म्हणून पत्र एकच, पण दोन्ही कार्यालयांना एकाच वेळी.

एक गोष्ट खास वडीलमंडळींसाठी. पत्र मुलाने लिहायचे, त्याच्या स्वतःच्या नावाने, आणि अर्ज करताना जो ई-मेल पत्ता दिला होता त्याच पत्त्यावरून. तुम्ही वडील आहात, पैसे तुमचे आहेत, हे सर्व खरे. परंतु अमेरिकेतील कायदा विद्यार्थ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय पालकांनाही देऊ देत नाही. वडिलांनी कितीही विनवणीचे पत्र लिहिले, तरी उत्तर येईल की आम्ही याविषयी आपल्याशी बोलू शकत नाही. एजंटाचे तर नावच नको. एकाच मसुद्यावर वीस मुलांची नावे घालून पाठवलेली पत्रे कार्यालयातील माणसाच्या तेव्हाच लक्षात येतात.

पत्र केव्हा पाठवायचे हा यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि यावर थोडे थांबायला हवे. आपल्या मुलाने मुलाखतीच्या दुसऱ्याच दिवशी घाबरून ‘मला जानेवारीत येऊ द्या’ असे लिहिले असते, तर? विद्यापीठाने तत्परतेने तारीख जानेवारीची केली असती. आणि व्हिसा 20 ऑगस्टला हाती पडला असता. मग हातात व्हिसा, पण आय-ट्वेंटी जानेवारीचे. सुरुवातीच्या तारखेच्या तीस दिवस आधीपर्यंत विद्यार्थ्याला अमेरिकेत शिरता येत नाही, तेव्हा वर्गाचे दार उघडे असून घरी बसावे लागले असते. दुसरी बाजू अशी, की पत्र सप्टेंबरच्या मध्यावर पाठवले असते, तर नोंद रद्द व्हायच्या मार्गावर असती आणि काही ठिकाणी त्या सत्राची फीसुद्धा अंगावर पडली असती.

यातून वाट आहे. प्रत्येक विद्यापीठ उशिरा येणाऱ्यांसाठी एक शेवटची तारीख ठरवते. ती आधी विचारून घ्या. मुलाने मुलाखतीनंतर लगेच दोन ओळींचे पत्र पाठवून एवढेच विचारले. उत्तर आले, शुक्रवार, 5 सप्टेंबर. मग त्याने सोमवार, 18 ऑगस्टला खरे पत्र लिहिले, आणि त्यात विनंतीला तारीख बांधली : 5 सप्टेंबरपर्यंत माझी नोंद आहे तशीच ठेवा, तोवर व्हिसा मिळाल्याचे मी कळवले नाही तर मला पुढच्या सत्रात घ्या. अशा पत्राने कार्यालयाला एकदाच विचार करावा लागतो. रोज ‘अजून आला नाही, काय करू?’ अशी पत्रे धाडली की माणूस तुमचे नाव पाहूनच पुढचे पत्र उघडतो.

मूळ पत्र अर्थात इंग्रजीत जाईल. आशय कळावा म्हणून मी ते मराठीत वाचून दाखवतो. विषयाच्या ओळीत पूर्ण नाव, अर्ज क्रमांक, अभ्यासक्रम आणि ‘व्हिसा प्रलंबित असल्याने प्रवेश पुढे ढकलण्याची विनंती’ एवढे असावे.

‘महोदय, आपल्या विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीच्या एम.एस. अभ्यासक्रमासाठी ऑगस्ट 2025 च्या सत्रात मला प्रवेश मिळाला आहे आणि मी तो स्वीकारून अनामत रक्कम भरली आहे. माझी व्हिसा मुलाखत 4 ऑगस्ट 2025 रोजी मुंबई येथील वकिलातीत झाली. कलम 221(g) खाली माझा अर्ज प्रशासकीय तपासणीसाठी प्रलंबित आहे. निर्णयाची तारीख वकिलातीने दिलेली नाही. मुलाखतीची चिठ्ठी व आजच्या स्थितीची प्रत सोबत जोडली आहे.

‘आपल्या कार्यालयाने उशिरा हजर होण्याची शेवटची तारीख 5 सप्टेंबर कळवली आहे. तोपर्यंत व्हिसा मिळाल्यास मी त्याच दिवशी कळवीन व हजर होईन. न मिळाल्यास माझा प्रवेश जानेवारी 2026 च्या सत्रासाठी, आणि माझ्या अभ्यासक्रमास जानेवारीत प्रवेश नसल्यास ऑगस्ट 2026 साठी, राखून ठेवावा ही विनंती. तसे झाल्यास माझा सध्याचा सेविस क्रमांक कायम ठेवून नवे आय-ट्वेंटी देता येईल काय, हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाने कृपया कळवावे. त्यांना या पत्राची प्रत पाठवत आहे.

‘माझी अनामत रक्कम व मंजूर झालेली फी-सवलत नव्या सत्रासाठी चालू राहील काय, याचाही लेखी खुलासा व्हावा. नव्याने आर्थिक कागदपत्रे लागत असल्यास मी ती एका आठवड्यात सादर करीन.’

खाली नाव, पासपोर्टावर आहे तसेच. बस्स. पहा, यात वकिलातीला दोष नाही, घरच्या परिस्थितीचे वर्णन नाही, ‘माझे सारे आयुष्य आपल्या हाती आहे’ असे वाक्य नाही. आपल्याकडे अर्ज म्हटला की आर्जव आलेच, ती आपली रीत आहे आणि आपल्या कचेऱ्यांत तिचा उपयोगही होतो. तिकडचा कारकून मात्र तारीख, क्रमांक आणि जोडलेला कागद शोधत असतो. ‘दोन आठवड्यांत व्हिसा नक्की येईल’ असे वचनही देऊ नये. ते तुमच्या हातात नाही, आणि खोटे ठरले की पुढचे पत्र हलके होते.

जानेवारीचा पर्याय लिहिताना त्याच वाक्यात पुढच्या ऑगस्टचा उल्लेख का, असे तुम्ही विचाराल. पुष्कळ अभ्यासक्रम वर्षातून एकदाच, ऑगस्टमध्ये, विद्यार्थी घेतात, कारण पहिल्या सत्राचे विषय शिकल्याशिवाय दुसऱ्या सत्रातले कळत नाहीत. तिथे जानेवारी मागितली तर सरळ ‘नाही’ येते, आणि मुलाला वाटते सगळेच संपले. प्रवेश पुढे ढकलणे हा हक्कही नाही. काही विभाग नव्याने अर्ज करायला सांगतात. फी-सवलत किंवा प्राध्यापकाकडील सहायकाचे काम तर बहुधा त्या वर्षापुरतेच असते आणि आपोआप पुढे जात नाही. म्हणून त्याचा प्रश्न पत्रात वेगळा विचारला आहे. ज्या मुलाचा सारा हिशेब त्या सवलतीवर उभा आहे, त्याने हे उत्तर आल्याशिवाय पुढे ढकललेला प्रवेश स्वीकारू नये. अर्धी फी माफ असलेली जागा आणि पूर्ण फीची जागा, या दोन वेगळ्या जागा आहेत, नाव एकच असले तरी.

होकार कोणाचा मानायचा हेही पाहा. एखादा प्राध्यापक दयाळूपणे लिहितो, ‘काळजी करू नका, जानेवारीत या.’ चांगला माणूस, पण त्याच्या पत्राने सेविसमधील तारीख सरकत नाही. कार्यालयाचे लेखी उत्तर आणि नव्या तारखेचे आय-ट्वेंटी, ही दोन्ही हातात आली की काम झाले. त्या उत्तरात अटी असतात, त्या वाचा. बऱ्याच ठिकाणी अशी अट असते की मधल्या काळात दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेऊन श्रेयांक मिळवले तर राखलेली जागा रद्द होईल. ‘सहा महिने फुकट कशाला घालवायचे’ म्हणून इथल्या महाविद्यालयात एम.ई.ला नाव घालणाऱ्याने आधी ही ओळ पाहावी. नोकरी केली तर सहसा हरकत नसते.

नवे आय-ट्वेंटी मिळाले की ते वकिलातीला कळवायचे असते. चिठ्ठीवर जो मार्ग दिला असेल त्याच मार्गाने, आपला प्रकरण क्रमांक घालून. ही पायरी बरेच जण विसरतात. मग तपासणी पूर्ण होते आणि अधिकाऱ्यासमोर उलटून गेलेल्या तारखेचा कागद असतो.

ब्रिटनचा मामला निराळा आहे, तेवढे सांगून पुढे जातो. तिथे विद्यापीठ कॅस नावाचा क्रमांक देते. तो सहा महिनेच चालतो आणि एकाच व्हिसा अर्जासाठी वापरता येतो. तेव्हा तिथे सत्र पुढे गेले की साधारणपणे कॅसही नवा आणि व्हिसाचा अर्जही नवा. अमेरिकेच्या पत्रातील क्रमांक कायम ठेवण्याची ओळ तिकडे लागू होत नाही. पत्रात नवा कॅस केव्हा मिळेल हे विचारावे.

आता कर्जाचे. हा भाग पालकांचा आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज भरणारी केंद्र सरकारची ‘पढो परदेश’ योजना सन 2022-23 पासून बंद झाली. तेव्हापासून त्या व्याजाचा भार घरावरच आहे. बँक कर्ज मंजूर करते त्या दिवशी व्याज सुरू होत नाही. पहिला हप्ता विद्यापीठाकडे रवाना झाला की सुरू होते. म्हणून व्हिसा हाती येण्यापूर्वी, विद्यापीठाने सक्ती केलेली रक्कम सोडून, हप्ता उचलू नये. उचलला गेलाच असेल, तर पत्रात आणखी एक वाक्य घाला : भरलेली फी नव्या सत्रासाठी जमा ठेवता येईल की परत मिळेल. परत मिळणार असेल तर ती बँकेच्या कर्जखात्यातच जायला हवी. आणि बँकेलाही विद्यापीठाच्या उत्तराची प्रत द्या, कारण मंजुरीपत्राला मुदत असते. पुढच्या वर्षी फी वाढली तर नव्या आय-ट्वेंटीवर खर्चाचा आकडा वाढलेला येईल, आणि तेवढी रक्कम पुन्हा दाखवावी लागेल. वसतिगृह आणि आरोग्य विमा यांच्या कचेऱ्या वेगळ्या असतात. प्रवेश पुढे गेला म्हणून खोली आपोआप रद्द होत नाही, तिला स्वतंत्र दोन ओळी लिहाव्या लागतात, नाहीतर न राहिलेल्या खोलीचे भाडे येते.

आपल्या उदाहरणातील मुलाचा हिशेब पुरा करतो. 5 सप्टेंबर गेला, व्हिसा आला नाही. कार्यालयाने पत्राप्रमाणे तारीख सरकवली, क्रमांक तोच ठेवला आणि नव्या आय-ट्वेंटीवर सोमवार, 12 जानेवारी 2026 ही सुरुवात घातली. आता समजा व्हिसा ऑक्टोबरमध्ये मिळाला, तरी विमानाचे तिकीट लगेच काढून चालत नाही. तीस दिवस मागे मोजले की तारीख येते 13 डिसेंबर 2025. त्याच्या आधी अमेरिकेच्या विमानतळावर उतरता येणार नाही. उतरताना हातात नवे आय-ट्वेंटी ठेवायचे, सही केलेले. जुने घरी ठेवले तरी चालेल, फाडू मात्र नका. जुन्या-नव्या दोन्ही कागदांवर क्रमांक एकच असल्याचे कोणी विचारले तर ते दाखवायला लागते.